कारागिराचं खातं शुद्ध सोन्यातच ठेवा

भाऊ, सोलापुरात नवं सराफी दुकान टाकताय, तर सॉफ्टवेअरमध्ये बिलाचा नमुना सजवण्याआधी कारागिराचं खातं नीट लावा. गोंधळ तिथंच होतो.

समजा, कारागिराला 50 ग्रॅम शुद्ध सोनं दिलं आणि 916 टंचाच्या 52 ग्रॅम पाटल्या परत आल्या. नुसतं वजन बघितलं तर त्यानंच 2 ग्रॅम जास्त दिल्यासारखं वाटतं. पण त्यात तांबं-चांदीची भर आहे. 52 ला 0.916 नं गुणा, शुद्ध सोनं 47.632 ग्रॅम निघतं. घडवताना जाणारी घट 52 ग्रॅमवर 3 टक्के ठरली असेल तर 1.56 ग्रॅम, तीही 916 चीच, म्हणजे शुद्धात 1.429. एकूण जमा 49.061, कारागिराकडं बाकी 0.939 ग्रॅम.

सॉफ्टवेअरनं बाकी 0.808 दाखवली, तर समजा की घट शुद्ध धरून 1.56 वजा झालीय. दरवेळी थोडं सोनं असंच गळतं, आणि स्टॉकचा ताळा मात्र बरोबर दिसतो!

गिऱ्हाइकाच्या बिलातली घट आणि घडणावळ वेगळ्या रकान्यात ठेवा. ती तुमच्या विक्रीची बाब, कारागिराच्या खात्याला तिचा स्पर्शही नको. खड्यांचं वजन तर गुणाकाराआधीच वजा करायचं.