उशिरा पाठवलेल्या शुभेच्छांमधली माफी किती असावी?

“मावशीचा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले आणि मी तो साफ विसरले. निरोप लिहून ठेवला आहे, पण पाठवायला धीर होत नाही. वाचला की फक्त माझी सारवासारव दिसते. काय करू?”

चाळिशीच्या या बाईंनी मोबाइलवरचा मसुदा मला वाचून दाखवला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत): “मावशी, सॉरी सॉरी सॉरी! ऑफिसचं ऑडिट, लेकीची परीक्षा, त्यात घरी पाहुणे, तारखेचं भानच राहिलं नाही गं. मला इतकं वाईट वाटतंय! रागावली नाहीस ना? माफ करशील ना? उशिरा का होईना, तुला खूप खूप शुभेच्छा. तुझं पुढचं आयुष्य सुखसमृद्धीचं जावो.”

या निरोपात मावशी कुठे आहे, ते आम्ही आधी शोधले. पहिली पाच वाक्ये लिहिणारीच्या धावपळीविषयी आणि अपराधीपणाविषयी होती, आणि शेवटची शुभेच्छा कोणालाही पाठवता आली असती. कारणांची यादी देताना आपण स्वतःला सोडवू पाहतो. वाचणाऱ्याला मात्र त्या आठवड्यात आपल्या आधी कोणाकोणाचा नंबर लागला, ते कळते. “माफ करशील ना?” या प्रश्नाने तर जिचा वाढदिवस राहिला तिच्यावरच “अगं, असू दे” असे म्हणून समजूत घालण्याचे काम येते. माफीनाम्याच्या सहा घटकांची तुलना करणारा रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चूक स्वतःची असल्याचे मान्य करणे सर्वांत परिणामकारक ठरले आणि क्षमेची याचना सर्वांत कमी. समुपदेशनातही मला हेच वारंवार दिसते.

म्हणून उशिराबद्दल एकच सरळ विधान ठेवायचे ठरले. “कारण अजिबातच द्यायचं नाही?” असे त्यांनी विचारले. आजारपण किंवा घरातले दुःख यांसारखे कारण असेल, जे नंतर दुसरीकडून कळले तर मावशीलाच वाईट वाटेल, तर ते अर्ध्या वाक्यात जरूर सांगावे. कामाचा व्याप मात्र सांगू नये. तिथीने वाढदिवस आजच आहे, अशी पळवाटही त्यांना सुचली होती. घरात खरोखर तिथीने वाढदिवस करत असतील तरच ती खरी. एरवी पंचांग बघणाऱ्या पिढीसमोर ती लगेच उघडी पडते.

पुढचा प्रश्न आपलेपणाचा होता. बाईंनी लहानपणीच्या सुट्टीतल्या, मावशीच्या हातच्या वड्यांची आठवण घातली. आठवण गोड होती, पण तीस वर्षांपूर्वीची, आणि तारीख विसरलेल्या माणसाने केवळ जुने सांगितले तर आजची मावशी त्याच्या लक्षात नाही, ही शंका उलट पक्की होते. गेल्या दोन-तीन महिन्यांत मावशीच्या आयुष्यात काय घडले, असे मी विचारले. बराच वेळ आठवल्यावर त्या म्हणाल्या, की पोस्टातून निवृत्त झाल्यावर मावशी पेटी शिकू लागली आहे आणि भाता सांभाळताना बोटे अडखळतात म्हणून चिडते. निरोपाला हवे होते ते इथे सापडले. दोन वेळा खाडाखोड करून तो असा झाला:

“मावशी, गेल्या बुधवारी तुझा वाढदिवस होता आणि मी तो विसरले. चूक माझी आहे. वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! आई सांगत होती की तू पेटीवर भूप बसवते आहेस आणि भात्यावर चिडतेस. निवृत्तीनंतर सुरांच्या मागे लागणारी आपल्या घरात तू पहिलीच, मला फार कौतुक वाटतं. शनिवारी सात वाजता फोन करते. पेटी जवळ ठेव.”

हा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर न टाकता तिला एकटीला पाठवावा, असे मी सुचवले, कारण चारचौघांसमोर माफी मागितली की समोरच्याला चारचौघांसमोर माफ करावेच लागते. मावशीचे उत्तर तासाभरात आले: “विसरलीस ते कळलंच होतं. सातला भजनाला जाते, आठला कर.” “असू दे” हे शब्द त्यात नव्हते, पण फोनची वेळ तिने स्वतः ठरवून दिली होती, आणि क्षमा झाल्याची याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

या पद्धतीची मर्यादाही मी त्यांना सांगितली. सलग तिसऱ्या वर्षी विसर पडला असेल किंवा आधीपासून अबोला असेल, तर नेमका लिहिलेला निरोपही पुरत नाही. तिथे थेट फोन करावा किंवा भेटायला जावे. त्याचप्रमाणे “पुढच्या वर्षी नक्की” असे लिहू नये, कारण ते खरे ठरायला वर्ष जाते. शनिवारचा फोन चार दिवसांत खरा ठरणार होता, आणि तो चुकला असता तर आधीचा विसरही पुन्हा उगाळला गेला असता. म्हणून उत्तर येताच मी त्यांना समोरच मोबाइलवर आठ वाजताचा गजर लावायला सांगितला.