‘मी भाकरी खाल्लो’ की ‘खाल्ली’?

प्रश्न: आमच्या घरी सगळे ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणतात. पुण्यातली मैत्रीण म्हणते ‘खाल्ली’ म्हण, कारण भाकरी स्त्रीलिंगी. पण खाणारी मी, मग क्रियापद भाकरीचं का ऐकतं? ‘मी घरी आले’ मध्ये तर ते माझंच ऐकतं.

प्रमाण मराठीपुरती मैत्रीण बरोबर आहे, पण तिनं सांगितलेलं कारण अर्धंच आहे. ‘मी भाकरी खाते’ म्हणतानाही भाकरी स्त्रीलिंगीच असते. तिथं क्रियापद तिला कुठं विचारतं?

रविवारचं मटणाचं ताट समोर घेऊ. दादानं रस्सा ओरपला. दादानं भाकरी खाल्ली. दादानं मटण खाल्लं. दादानं कांदे खाल्ले. दादा एकच, पण क्रियापद चार वेळा वळलं. आता पदार्थ तोच ठेवून माणूस बदला: दादानं भाकरी खाल्ली, आक्कानं भाकरी खाल्ली, पोरांनी भाकरी खाल्ली. क्रियापद जागचं हललं नाही. आणि वर्तमानकाळात बरोबर उलटं होतं: दादा भाकरी खातो, आक्का भाकरी खाते, पोरं भाकरी खातात.

म्हणजे भूतकाळ आला की असं होतं? तेही नाही. ‘दादा भाकरी खात होता’ भूतकाळच आहे आणि त्यात ‘होता’ दादाचं ऐकतं. खरी मेख ‘ल’च्या रूपात आहे. ‘खाल्ली’, ‘ऐकली’ ही रूपं मुळात क्रियापदं नव्हतीच, ती विशेषणासारखी होती. संस्कृतातलं ‘मया कथा श्रुता’ घ्या. ‘श्रुता’ म्हणजे ऐकलेली, आणि ऐकलेली काय, तर कथा. म्हणून ते कथेच्या लिंगात. ऐकणारा ‘मया’, म्हणजे तृतीयेत, बाजूला उभा. तेच वाक्य वळणं घेत ‘मी कथा ऐकली’ झालं. ‘आले’मध्ये गोष्ट सोपी आहे. आलेली कोण? तुम्हीच. दुसरं कर्मच नाही, मग क्रियापद जाणार कुठं?

व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात, भाषाशास्त्रवाले अर्गेटिव्ह रचना म्हणतात. कर्मणी म्हटल्यावर काहींना वाटतं की ‘आक्काकडून भाकरी खाल्ली गेली’ असा याचा अर्थ. तसं नाही. ‘आक्कानं आपली भाकरी खाल्ली’ यात ‘आपली’ म्हणजे आक्काची. वाक्याची धनीण आक्काच आहे, फक्त क्रियापदाचं शेपूट भाकरीच्या हातात आहे.

आता ‘मी’कडं येऊ, कारण तुमचा घोळ तिथंच आहे. आक्काला ‘नं’ लागतो, दादाला लागतो. ‘मी’ला मात्र काहीच लागलेलं दिसत नाही. ‘मी खाते’ आणि ‘मी खाल्ली’ यांत ‘मी’ तोच. जुन्या मराठीत असं नव्हतं, तिथं ‘म्यां’ असे, ‘त्वां’ असे, आणि कानालाच कळे की हा ‘करणारा’ वेगळ्या रूपात आलाय. खेड्यातली जुनी माणसं अजून ‘म्या सांगितलं’ म्हणतात, ते हेच. ‘म्यां’ गेला, सगळीकडं ‘मी’ आला आणि खूण पुसली गेली. मग ‘मी आलो’, ‘मी बसलो’, ‘मी हसलो’च्या रांगेत ‘मी खाल्लो’ जाऊन बसला तर नवल काय? शिवाय आपल्या कोल्हापूरला शेजार कन्नडचा, आणि कन्नडात भूतकाळातही क्रियापद कर्त्याचंच ऐकतं. माझी आत्ती बिनदिक्कत ‘मी भाकऱ्या थापलो, मी त्याला सांगितलो’ म्हणते. बाईमाणूस असून ‘लो’ का, हे विचारू नका. कोल्हापुरात बायका ‘मी आलो’च म्हणतात. पण हीच आत्ती ‘त्यानं भाकरी खाल्ली’ म्हणते, ‘त्यानं भाकरी खाल्ला’ कधीच नाही. जिथं ‘नं’ दिसतो तिथं तिचा नियम शाबूत आहे. त्यामुळं मी ‘खाल्लो’ला अडाणीपणा म्हणणार नाही. घरी खुशाल बोला. अर्जात, पेपरात ‘खाल्ली’ लिहा.

‘तू’ची गंमत वेगळीच. ‘तू भाकरी खाल्लीस’, ‘तू रस्सा ओरपलास’, ‘तू मटण खाल्लंस’. ली, ला, लं हे पदार्थाकडून आले आणि शेवटचा ‘स’ तुझ्याकडून. एकाच क्रियापदानं दोघांचा मान राखला.

कर्माला ‘ला’ लागला की मात्र क्रियापद त्याचंही ऐकणं सोडतं. ‘मामानं म्हैस धुतली’, पण ‘मामानं म्हशीला धुतलं’. मामानं दोन म्हशींना धुतलं, रेड्याला धुतलं, तरी ‘धुतलं’च. कर्त्याची वाट ‘नं’नं बंद, कर्माची ‘ला’नं बंद, मग क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात गप्प उभं राहतं. हा भावे प्रयोग. यानं अर्थही बदलतो बरं का. ‘आम्ही मुलगी पाहिली’ म्हटलं की लोक विचारतात, ‘मग पसंत आहे का?’ ‘आम्ही त्या मुलीला पाहिलं’ म्हटलं तर विचारतील, ‘कुठं?’

आणखी एक अडचण तुम्हाला येणार, ती आधीच सांगतो. काही क्रियापदांना कर्म असतं, तरी ती ‘ल’च्या रूपातही कर्त्याशीच इमान राखतात. नेसणे, विसरणे, शिकणे, जेवणे ही त्यातली. ‘आक्का साडी नेसली’ वरून काहीच कळत नाही, कारण आक्का आणि साडी दोघी स्त्रीलिंगी. अशा वेळी कर्माचं लिंग बदलून बघायचं. आक्काला लुगडं द्या: ‘आक्का लुगडं नेसली’. नेसली, नेसलं नाही. म्हणजे इथं क्रियापद आक्काचं. आणि दुकानात? ‘आक्कानं लुगडं घेतलं’. तीच आक्का, तेच लुगडं. तसंच ‘दादा भाकरी जेवला’, पण ‘दादानं भाकरी खाल्ली’. तुम्हीही ‘मी छत्री विसरले’ असंच म्हणता, आणि ते प्रमाण मराठीतही बरोबर आहे. तेव्हा ‘खाल्लो’ सुधारण्याच्या भरात ‘मी छत्री विसरली’ करून बसू नका. नवशिके हटकून तिथंच पाय घसरतात. या क्रियापदांना एक नियम लावून मोकळं होता येत नाही, ती कानानंच ओळखावी लागतात.

दोन क्रियापदं जोडून आली तर शेवटच्याकडं बघायचं. ‘दादानं भाकरी खाऊन टाकली’, पण ‘दादा भाकरी खाऊन आला’. ‘दादानं भाकरी खायला घेतली’, पण ‘दादा भाकरी खाऊ लागला’. टाकणे आणि घेणे यांना कर्म लागतं, येणे आणि लागणे यांना लागत नाही, म्हणून ‘नं’ कधी येतो, कधी जातो. तुमच्या घरी ‘मी भाकरी खाऊन आलो’ म्हणत असतील, तर त्यात पुण्याच्या मैत्रिणीला भाकरीच्या लिंगाबद्दल बोलायला काही जागा नाही. ‘आलो’ का ‘आले’ यावरून मात्र ती तुम्हाला धरेल.