साखरपुड्यानंतर फोन कमी झाले, काय समजावं?

"साखरपुड्याआधी दोन-दोन तास बोलायचा, आता दहा मिनिटांत फोन ठेवतो. मन उडालं का त्याचं?"

ताई, मिनिटं मोजू नका. होकार येईपर्यंत धाकधूक असते, त्या भरात बोलणं वाढतं. सोयरीक पक्की झाली की ते ओसरतंच. त्यात आपल्याकडं सोयाबीनची रास सुरू असली की माणूस रात्री दमून पडतो. बघायचं ते वेगळंच. आईची शुगर वाढलीय असं तुम्ही सांगितलं, तर दोन दिवसांनी तो आपणहून विचारतो का? विचारत असेल तर ओढ शाबूत आहे. मग स्पष्ट मागा, "रविवारी अर्धा तास माझ्यासाठी ठेवा," आणि दोन-तीन आठवडे बघा. मित्रांना वेळ देतो, तुम्ही मागितला की मात्र चिडतो, टोमणे मारतो, असं दिसलं तर लग्नाची तारीख धरण्याआधीच घरच्यांशी बोला.