खिशातली सॉर्बिट्रेट आणि ताठरतेची गोळी

"मला बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत. मित्राने लिंगताठरतेसाठी टॅडालाफिलची गोळी दिली आहे. ती घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जीवाला धोका होईल का?"

प्रश्न विचारणारे गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांच्या ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन या गोळ्यांची मला फारशी काळजी वाटली नाही, कारण रक्तदाब नियंत्रणात असेल तर अशा औषधांसोबत टॅडालाफिल किंवा त्याच प्रकारची सिल्डेनाफिल ही गोळी घेतल्यास दाब बहुधा थोडाच उतरतो आणि डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. तरीही घरातली प्रत्येक गोळी, रोजची असो वा क्वचितची, घेऊन या, असे मी सांगितले. पुढच्या भेटीत त्यांनी शर्टाच्या खिशातून सॉर्बिट्रेटची पट्टी काढली. छातीत भरून आल्यास जिभेखाली ठेवायची ही गोळी रोज लागत नसल्याने त्यांनी ती औषधांत धरलीच नव्हती.

खरा धोका तिथे होता. सॉर्बिट्रेट हे नायट्रेट आहे. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होते, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सीजीएमपी नावाचे द्रव्य वाढते आणि वाहिन्या सैल पडतात. हे द्रव्य मोडून टाकणारे विकर ताठरतेची गोळी रोखते. एक औषध द्रव्य वाढवते आणि दुसरे ते ओसरू देत नाही, म्हणून दाब काही मिनिटांत इतका कोसळू शकतो की माणूस बेशुद्ध पडतो आणि आधीच अरुंद झालेल्या हृदयवाहिन्यांना रक्त अपुरे पडते. हृदयविकारातल्या छातीदुखीसाठी दिल्या जाणाऱ्या निकोरँडिल या औषधासोबतही हाच धोका असतो.

"दोन्ही एकाच वेळी घेणार नाही," असे ते म्हणाले. पण टॅडालाफिल शनिवारी रात्री दहाला घेतले आणि सोमवारी सकाळी सातला छातीत दुखले, तर मध्ये तेहतीसच तास गेलेले असतात. नायट्रेटपूर्वी किमान ४८ तास जावे लागतात. सिल्डेनाफिलसाठी ही मर्यादा २४ तासांची आहे. शिवाय छातीतले दुखणे वेळ सांगून येत नाही, म्हणून ज्याला सॉर्बिट्रेट जवळ बाळगावी लागते त्याने ताठरतेची गोळी घेऊच नये.

समजा ती घेतली गेलीच आणि नंतर छातीत दुखू लागले, तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवू नये, १०८ला फोन करावा आणि आलेल्या डॉक्टरांना गोळीचे नाव व वेळ आधी सांगावी. लाजेपोटी हे लपवले, तर रुग्णालयात नायट्रेटच दिले जाण्याचा संभव असतो. त्यामुळे ही माहिती पत्नीलाही असावी, असा आग्रह मी धरला आणि त्यांनी तो मानला.

त्यांच्या पिशवीत लघवीसाठीची टॅम्सुलोसिनही होती. या गटातल्या, विशेषतः प्राझोसिनसारख्या औषधांसोबत ताठरतेची गोळी घेतल्यास उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते, म्हणून डॉक्टर आधीच्या औषधाचा डोस स्थिर झाल्यावर कमीत कमी मात्रेने सुरुवात करतात. मित्राची गोळी त्यांनी माझ्याकडे दिली. सॉर्बिट्रेट मात्र स्वतःहून बंद करू नका, असे बजावून मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. ताठरतेसाठी व्हॅक्यूम पंपासारखा, रक्तदाबाशी संबंध नसलेला उपाय त्यांना चालेल का, हेही तेथेच विचारायला सांगितले.