शेवटचा प्रश्न नेहमीच का राहतो?

"मॅडम, अभ्यास झालेला असतो, तरी पर्यावरणशास्त्राच्या पेपरला शेवटचा प्रश्न राहतोच. आकृत्या काढल्या तर वेळ जातो, नाही काढल्या तर मार्क जातात. तीन तास पुरवायचे कसे?"

हे विचारणारा मुलगा तासगावचा. सांगलीत खोली घेऊन एम.एस्सी. करतो. येताना मागच्या सत्राच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन ये, असं मी त्याला सांगितलं होतं. वेळ कुठे गेला हे मुलांना आठवत नाही, पण पानं मोजली की कळतं.

पेपर ८० गुणांचा. सात प्रश्न, प्रत्येकी १६ गुण. पहिला सक्तीचा, उरलेले तीन-तीन दोन विभागांत, आणि प्रत्येक विभागातले कोणतेही दोन सोडवायचे. त्याने सुरुवात केली होती नदीप्रदूषणाच्या प्रश्नाने. कृष्णा, शेरीनाला, मळीचं पाणी, सगळं डोळ्यांदेखतचं, त्यामुळे हात थांबलाच नाही. नऊ पानं भरली आणि गुण मिळाले १० . शेवटच्या प्रश्नाला दीड पान, गुण ३ . त्या नऊ पानांतली शेवटची चार मी त्याला मोठ्याने वाचायला लावली. तिसऱ्या पानावरचंच पुन्हा आलं होतं, हे त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मग हिशेब मांडला. १८० मिनिटांतली पहिली दहा वाचायला आणि निवडायला, शेवटची दहा तपासायला. उरली १६० . म्हणजे गुणाला दोन मिनिटं, प्रश्नाला ३२ . पेपर अकराला सुरू होत असेल तर प्रश्न संपायच्या वेळा ११.४२, १२.१४, १२.४६, १.१८ आणि १.५० . या पाच वेळा उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर 'कच्चे काम' असं लिहून त्याखाली मांडायच्या. वेळ झाली की चालू वाक्य पूर्ण करायचं, अर्धं पान कोरं सोडायचं आणि पुढे जायचं. आवडता प्रश्न असला की हे जिवावर येतं, मला ठाऊक आहे. पण नवव्या पानावर फार तर अर्धा गुण वाढतो. कोऱ्या प्रश्नाच्या पहिल्या पानावर तीन-चार गुण सहज मिळतात.

निवडीत त्याची चूक वेगळीच होती. प्रश्नाचा 'अ' भाग ओळखीचा दिसला की तो प्रश्न पक्का करायचा. 'ब' भाग आठ गुणांचा असतो आणि तो वाचला जायचा अर्धं उत्तर लिहून झाल्यावर. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येक भागासमोर मनात चार उपशीर्षकं येतात का, एवढंच पाहायचं. एक भाग तोंडपाठ आणि दुसरा कोरा, अशा प्रश्नापेक्षा दोन्ही भाग बऱ्यापैकी येणारा प्रश्न घ्यावा. आणि विभागाची सूचना दोनदा वाचावी. एकाच विभागातले तीन प्रश्न लिहिले तर तिसऱ्याची मेहनत वाया जाते.

आता आकृती. सांडपाणी शुद्धीकरणाची सक्रिय गाळ पद्धत त्याला माझ्यासमोर काढायला सांगितली आणि मोबाईलवर वेळ लावला. टाक्यांना गोलाई, पाण्याला लाटा, बुडबुड्यांना छायांकन, असं करत १४ मिनिटं गेली. एवढं होऊनही दुय्यम निवळण टाकीच्या तळातून वायुवीजन टाकीकडे परत जाणारा गाळाचा बाण राहिलाच होता. खरं तर या पद्धतीचा जीव त्याच बाणात आहे. परत आलेल्या गाळात जिवंत जिवाणू असतात, तेच पुढच्या सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ खातात. परीक्षक लाटा बघत नाही, हा बाण शोधतो.

मग क्रम ठरवला. पेन्सिलीने अर्ध्या पानात एका ओळीत पाच चौकटी: जाळी, वाळू टाकी, प्राथमिक निवळण, वायुवीजन, दुय्यम निवळण. डावीकडून उजवीकडे बाण. वायुवीजन टाकीला खालून हवा. मग परतीचा गाळ आणि जास्तीचा गाळ बाहेर नेणारा, असे दोन बाण. नावं सगळ्यात शेवटी, आडवी, एकमेकांना न छेदणाऱ्या रेषांनी जोडलेली. शीर्षक खाली. दुसऱ्यांदा सात मिनिटं लागली, चौथ्यांदा साडेचार. शिवाय प्रत्येक चौकटीवर दोन-दोन वाक्यं लिहिली की उत्तराचा सांगाडा तयारच होतो, त्यामुळे आकृती आधी काढून मग लिहायचं. कायद्यांच्या प्रश्नाला मात्र ओढूनताणून आकृती काढू नये.

पुढच्या रविवारी त्याने खोलीवर जुना पेपर अकरा ते दोन या वेळात सोडवला आणि संध्याकाळी घेऊन आला. नदीचा प्रश्न साडेपाच पानांत आटोपला होता. पाचवा प्रश्न १.५३ ला संपला. उरलेल्या सात मिनिटांत आकृती तपासताना परतीच्या गाळाचा बाण काढलेला, पण त्याला नावच दिलेलं नाही, हे त्याला दिसलं. ते त्याने घाईत, थोडं तिरकं लिहिलं होतं.