आजी ‘पाणी आण’ म्हणते तेव्हा

‘आई, आज रोल प्लेमध्ये कुड, वुड, मे म्हणून विचारायचं होतं. मी यस, यू कुड म्हटलं तर मिस म्हणाल्या रॉंग. का? आणि आजी तर नुसतं पाणी आण म्हणते. मराठीत पोलाइट बोलतच नाहीत का?’

प्रिय चिऊ,

फ्रिजवरची तुझी चिठ्ठी रात्री ड्यूटीवर निघताना वाचली. आता पहाटेचे चार वाजलेत, वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहायला बसले. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहितेय. तेवढाच शनिवारच्या मराठी शाळेचा अभ्यास.

आधी तुझी चूक बघू. तुला वाटलं की प्रश्नात कुड आहे, मग उत्तरातही कुडच येणार. पण हा कुड फक्त विचारणाऱ्यासाठी असतो. ज्याला परवानगी द्यायची आहे त्याला आढेवेढे घ्यायचं कारणच नाही. म्हणून ‘कुड आय बॉरो युअर रबर?’ ला उत्तर ‘यस, यू कॅन’ किंवा नुसतं ‘शुअर’. नकार द्यायचा तरी ‘सॉरी, यू कान्ट’ म्हणायचं. ‘यू कुडन्ट’ म्हटलंस तर ऐकणाऱ्याला वाटेल, तेव्हा जमलं नव्हतं असं काहीतरी जुनं सांगतेस.

आणि गंमत इथेच आहे. कुड हे मुळात कॅनचं भूतकाळातलं रूप, वुड हे विलचं. (कुडच्या स्पेलिंगमधला न उच्चारायचा एल तर मुळात नव्हताच. वुड आणि शुड यांच्यात आहे म्हणून लोकांनी यालाही चिकटवला.) रबर हवंय आत्ता, मग भूतकाळ कशाला? कारण आत्ताची गोष्ट थोडी मागे सरकवली की ती समोरच्याच्या अंगावर येत नाही. त्याला ‘नाही’ म्हणायला जागा राहते.

आता आठव. परवा शेजारच्या काकू दारात उभ्या राहून बाबांना काय म्हणाल्या? ‘जरा विचारायचं होतं.’ होतं! विचारायचं तर तेव्हाच होतं, त्यासाठीच आल्या होत्या. तरी ‘विचारायचं आहे’ न म्हणता ‘होतं’ म्हणाल्या. फोनवर मामा म्हणतो, ‘ताई, एक काम होतं गं.’ तेही काम अजून व्हायचंच असतं. इंग्रजांनी कुडमध्ये जे केलं तेच आपण ‘होतं’मध्ये करतो. मिसनी तुला जे शिकवलं ते तू घरी रोज ऐकतेस, फक्त कुणी त्याचा तास घेतला नाही.

मे तर तुला आणखी सोपा जाईल. मी सांगलीला मराठी शाळेत होते. तहान लागली की उभं राहायचं आणि म्हणायचं, ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ उशीर झाला की दारातून, ‘बाई, आत येऊ?’ ते ‘जाऊ’ आणि ‘येऊ’ म्हणजेच मे आय. ते फक्त मी किंवा आम्ही काही करण्याबद्दल विचारता येतं. ‘बाई, तुम्ही खिडकी उघडू का?’ असं कुणी म्हणेल का? तसंच ‘मे यू ओपन द विंडो?’ चालत नाही. दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं असेल तर कुड यू किंवा वुड यू. ‘वुड आय’ म्हणून मात्र परवानगी मागता येत नाही. तिथे मे आय किंवा कुड आय. तुमच्या वयाची मुलं आपसात मे फारसं बोलत नाहीत, कॅन आय म्हणतात, त्यात काही वावगं नाही. मे मिससाठी ठेव.

आता तुमच्या रोल प्लेसारखाच एक प्रवेश लिहिते, जागा शाळेची लायब्ररी. तू आणि बाबा वाचून बघा, बाबांना लायब्ररीयन कर.

मुलगी: एक्सक्यूज मी, मे आय कम इन?
लायब्ररीयन: यस, डू कम इन.
मुलगी: कुड यू हेल्प मी फाइंड अ बुक अबाउट व्हेल्स, प्लीज?
लायब्ररीयन: ऑफ कोर्स. वुड यू माइंड वेटिंग अ मिनिट?
मुलगी: नो, नॉट अॅट ऑल.
मुलगी: कुड आय टेक टू बुक्स?
लायब्ररीयन: आय’म अफ्रेड यू कान्ट. ओन्ली वन.

चौथ्या ओळीपाशी थांब. ‘वुड यू माइंड’ने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. इथे येऊन महिनाच झाला होता. बरोबरच्या नर्सने विचारलं, ‘वुड यू माइंड स्वॉपिंग सॅटरडे विथ मी?’ तिच्या भाचीचं लग्न होतं. मी तोंडभर हसून म्हटलं, ‘यस, यस!’ तिचा चेहराच उतरला. ‘ओ, नो वरीज’ म्हणून ती दुसरीकडे विचारायला गेली आणि मी शनिवारी कामावर हजर, आणि तिने ज्या तिसरीला गळ घातली होती तीही हजर. माइंड म्हणजे हरकत असणं. तिने विचारलं होतं, ‘तुझी काही हरकत आहे का?’ आणि मी आनंदाने सांगितलं, ‘हो, हो, आहे!’ तेव्हा मला मराठी आठवायला हवी होती. आपणही विचारतोच की, ‘तुमची काही हरकत नाही ना?’ आणि उत्तर येतं, ‘छे छे, काही हरकत नाही.’ होकार द्यायला ‘नाही’ म्हणायची रीत आपल्याकडेही आहे. म्हणून मुलीने तिथे ‘नो’ म्हटलंय, आणि थांबलीसुद्धा आहे. आणि माइंडच्या पुढे वेटिंग, ओपनिंग असंच येतं. ‘माइंड टू वेट’ नाही.

हाच प्रवेश सांगलीच्या वाचनालयात झाला असता तर?

मुलगी: बाई, आत येऊ?
बाई: ये गं.
मुलगी: व्हेल माशावरचं एखादं पुस्तक मिळेल का?
बाई: बघते हं. जरा थांबतेस का?
मुलगी: हो.
मुलगी: दोन नेली तर चालतील?
बाई: एकच नेता येतं गं.

प्लीज एकदाही आलं नाही. थँक्यूही नाही. ‘कृपया’ आपल्याकडे पाटीवर राहतं, ‘कृपया रांगेत उभे राहा’. घरात कुणी ‘कृपया मीठ दे’ म्हटलं तर सगळे त्याच्याकडे बघतील की याचं काय बिनसलंय. पण ही मुलगी उद्धट वाटते का? नाही ना? कारण पुस्तक ‘द्या’ असं ती म्हणालीच नाही. ‘मिळेल का’ म्हणाली. त्यात कुणी द्यायचं याचा उल्लेखच नाही, म्हणजे नसलं तर बाईंवर बोल नाही. ‘नेली तर चालतील’ यातही तेच. बाईंनी तिला थांबायला सांगितलं तेही ‘थांब’ म्हणून नाही. ‘जरा’ लावला, ‘थांबतेस का’ म्हणून विचारलं आणि नकाराला शेवटी ‘गं’ लावून त्याची धार काढली.

मराठीत नम्रपणा क्रियापदाच्या शेपटीत असतो. पेन हवं असेल तर मैत्रिणीला ‘दे’, ‘दे ना’, ‘देतेस का’, ‘देशील का’. मोठ्यांना ‘द्या’, ‘द्या ना’, ‘द्याल का’. फारच अवघड काम असेल तर ‘दिलंत तर बरं होईल’. इंग्रजीतही पूर्वी तू आणि तुम्ही असे दोन शब्द होते, तूसाठी दाऊ आणि तुम्हीसाठी यू. रोजच्या बोलण्यातून दाऊ केव्हाच गेलं, आता आजीलाही यू आणि मांजरालाही यू. मग मान कुठे ठेवायचा? तो कुड, वुड आणि प्लीजमध्ये ठेवावा लागतो. म्हणून इथे दुकानात ‘गिव्ह मी टू समोसाज’ म्हटलं की पलीकडचा माणूस दचकतो. पहिलं वर्षभर मी तसंच बोलत होते. मनात ‘द्या’ असायचं, नम्र, मान देणारं ‘द्या’, पण तोंडातून गिव्ह बाहेर पडेपर्यंत त्यातला मान गळून गेलेला असायचा.

आता आजी. आजी ‘पाणी आण’ म्हणते हे खरं, पण नीट ऐक, ती ‘पाणी आण गं’ म्हणते. त्या ‘गं’मध्ये प्लीज आहे. (ओमला ती ‘रे’ लावते.) आणि आपल्याकडे घरच्या माणसाला सरळ सांगणं म्हणजे आपलेपणा. फार गोडगोड विचारायला लागली तर समजायचं, आपण परके झालो. किंवा ती चिडली आहे. गेल्या उन्हाळ्यात तू टॅबलेट घेऊन बसली होतीस आणि आजीने तिसऱ्यांदा हाक मारली, आठवतं? ‘बाईसाहेब, आपण जरा उठाल का?’ सगळी आदराची रूपं बरोबर होती आणि तू एका उडीत उठलीस. मिससुद्धा वर्गाला ‘वुड यू काइंडली सिट डाउन’ म्हणतात तेव्हा काय होतं ते मला सांग. वुडही आहे, काइंडलीही आहे, तरी सगळे चिडीचूप बसत असाल. तो आवाजाचा भाग. तुझं कुड सपाट आवाजात, एका दमात आलं तर तेही हुकमासारखंच वाटेल. शेवटाला आवाज थोडा वर जाऊ दे.

एक जपून राहा. आजी ‘बघू’ म्हणाली की ते बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. त्याला इंग्रजीत ‘वी’ल सी’ म्हणतात, आणि तेही बहुतेक वेळा नाहीच असतं.

उद्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडून शिडी आणायची आहे, हॉलमधला बल्ब गेलाय. तू विचारायचंस. कुड वी की वुड यू माइंड, तू ठरव. माइंड वापरलंस आणि ते ‘नो’ म्हणाले तर परत येऊ नकोस, शिडी घेऊनच ये.

डब्यात मेथीचे पराठे आहेत, दही वेगळ्या डबीत. मी सात वाजता येऊन झोपेन. शाळेतून आल्यावर मला उठवायचं असेल तर ‘आई, ऊठ ना’ पुरे.

तुझी,
आई