परदेशातल्या लाभांशावर दोनदा कर भरावा लागतो का?

प्रश्न: मी राहतो एका देशात, लाभांश येतो दुसऱ्या देशातून. कर दोन्हीकडे भरायचा का? दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातली क्रेडिट आणि सूट पद्धत म्हणजे काय?

लाभांशाला बहुतेक करारांत क्रेडिट पद्धत लागते. समजा लाभांश 1,000 आहे, तिकडचा कर 15 टक्के आणि तुमच्या देशातला 25. तिकडे 150 कापले जातात. इकडे पूर्ण 1,000 वर 250 कर निघतो, त्यातून ते 150 वजा होतात आणि तुम्ही 100 भरता. हातात आलेले 850 च उत्पन्न म्हणून दाखवणं ही नेहमीची चूक.

क्रेडिटला मर्यादा असते: त्या उत्पन्नावर इकडे जेवढा कर बसतो, तेवढीच. इकडचा दर 10 टक्के असता तर 100 चंच क्रेडिट मिळालं असतं, वरचे 50 सहसा गेलेच.

खरी गोम वेगळीच आहे. करारात कमाल 15 टक्के असताना तिकडे 30 टक्के कापले, तरी इकडे साधारणपणे 150 चंच क्रेडिट देतात. उरलेले 150 तिकडच्या कर खात्याकडेच, मुदतीच्या आत मागावे लागतात. म्हणून तुम्ही इकडचे कर-रहिवासी आहात हे दाखवणारं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट तिकडे कर कापणाऱ्याला लाभांश येण्याआधीच देऊन ठेवा.

सूट पद्धतीत, जी परदेशी शाखेच्या नफ्याला जास्त वापरतात, इकडे त्या उत्पन्नावर कर नसतो. मात्र अनेक करारांत दर ठरवताना ती रक्कम धरतात, त्यामुळे तुमच्या बाकीच्या उत्पन्नाला वरचा स्लॅब लागू शकतो.